चिठ्ठीवर नुसतं '५' लिहिलंय, एमएल की एमजी? घरात दोन वेगळ्या शिश्या आहेत

मीरा_ना | रात्री १०:४८

लेक चौदा महिन्यांचा आहे, मागच्या आठवड्यात लसीला नेलं तेव्हा वजन ९ किलो २०० ग्रॅम भरलं. संध्याकाळपासून अंग तापलंय, आत्ता काखेत १०१.८ आला. आमचे डॉक्टर पुण्याचे आणि आम्ही सध्या नाशिकला सासरी आलोय. जानेवारीत त्यांनी दिलेली चिठ्ठी फाइलमध्ये सापडली, त्यावर "सिर. पॅरा ५, ताप आला तर" एवढंच वाचता येतंय. पाचच्या पुढे एक वेलांटीसारखी रेघ आहे, ते एमएल असेल नाहीतर एमजी असेल, मला कळत नाहीये.

घरात दोन शिश्या आहेत. एक आज मिस्टरांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणली, तिच्यावर मोठ्या आकड्यात २५० आहे. दुसरी छोटी ड्रॉप्सची, तो चार महिन्यांचा असताना आणलेली, तिला ड्रॉपर आहे. सासूबाई म्हणतात पाच म्हणजे एक चमचा, सगळ्यांची मुलं अशीच वाढली. मला धीर होत नाहीये. कुणी सांगेल का काय देऊ?

सुहास_डोंबिवली | १०:५३

ताई सोप्पं आहे, आमच्या डॉक्टरांनी दोन्ही मुलांच्या वेळी शिकवलेलं सूत्र सांगतो. वजनाच्या निम्मे एमएल. ९ किलो म्हणजे साडेचार एमएल, म्हणजे चिठ्ठीतला ५ हा एमएलच आहे, बिनधास्त द्या. दर सहा तासांनी. आम्ही सात वर्षं हेच करतोय, कधी काही झालं नाही.

वॉर्डवाली_सिस्टर | १०:५७

सुहास दादा थांबा. मीरा ताई, तुम्ही पण थांबा, तोंडात काही घालू नका. तुमचं सूत्र चुकीचं नाही दादा, पण ते एकाच शिशीचं आहे. तुमच्या घरी बहुतेक १२० ची शिशी असणार. ताईंच्या हातात २५० ची आहे. त्याच सूत्राने दिलं तर बाळाला दुप्पट जाईल, आणि ड्रॉप्सच्या शिशीतून साडेचार एमएल दिले तर चौपटीच्या वर.

ताई, दोन्ही शिश्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचून इथे जसंच्या तसं लिहा. पुढचा मोठा आकडा नको, मागची घटकद्रव्यांची ओळ हवी. आणि पुण्याच्या डॉक्टरांना आत्ताच फोन लावा, रात्रीचे अकरा वाजले म्हणून संकोच करू नका, बालरोगवाल्यांना सवय असते.

काशीबाईंचा_नातू | १०:५९

सिरप देऊच नका म्हणतो मी!! २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं गेली ती सिरपनेच ना, कितीतरी जणांना तर आमच्या नागपुरात आणलं होतं. ओल्या फडक्याने अंग पुसा आणि सकाळी दवाखान्यात न्या.

वॉर्डवाली_सिस्टर | ११:०२

दादा, तुमची भीती समजते, पण ते खोकल्याचं औषध होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष मिसळलेलं सापडलं, त्याने मुलांच्या किडन्या गेल्या. तिथे शिशीतला मालच खराब होता. इथे औषध चांगलं आहे, पण ते किती द्यायचं तेच ठरत नाहीये. दोन गोष्टी एकत्र केल्या तर ताईंचा गोंधळ वाढेल.

निवृत्त_केमिस्ट_काका | ११:०९

सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. हा प्रश्न माझ्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी यायचा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीरा, आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल साधारण तीन ताकदीत मिळतं. पातळ सिरप, ज्याच्या पाच एमएलमध्ये १२० एमजी असतं, जुन्या शिश्यांवर १२५ पण दिसायचं. डबल सिरप, ज्याच्या पाच एमएलमध्ये २५०. आणि ड्रॉप्स, ज्याच्या एकाच एमएलमध्ये १०० एमजी. आता नीट बघ, ड्रॉप्सचा आकडा १०० म्हणून सगळ्यात लहान दिसतो, म्हणून लोकांना वाटतं हे बाळाचं, सौम्य औषध. उलट आहे. ड्रॉप्स सगळ्यात घट्ट. बाळाच्या तोंडात जास्त पाणी जाऊ नये म्हणून थेंबातच औषध कोंबलेलं असतं. पाच एमएलचा हिशेब लावला तर सिरप १२०, डबल २५० आणि ड्रॉप्स ५००.

आता तुझ्या बाळाचं. पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोला १० ते १५ एमजी. ९ किलो २०० ला म्हणजे ९२ ते १३८ एमजी. पातळ सिरपचे पाच एमएल दिले तर १२० जातात, अगदी मापात बसतं. म्हणून डॉक्टरांचा पाच हा पातळ सिरपचा पाच एमएल असावा असं मलाही वाटतं. ५ एमजी तर असूच शकत नाही, त्याने माशीचाही ताप उतरणार नाही. पण मला वाटतं यावर औषध द्यायचं नसतं पोरी. जानेवारीत बाळाचं वजन वेगळं होतं, चिठ्ठी फाटकी आहे, आणि त्यांच्या डोक्यात कुठली शिशी होती ते त्यांनाच माहीत. मी दुकानात असतो तरी या चिठ्ठीवर शिशी दिली नसती, आधी डॉक्टरांना फोन केला असता.

जर्सीची_अनघा | ११:१६

काका खूप छान सांगितलंत. इथे अमेरिकेत पूर्वी असाच घोळ होता, बाळांचे ड्रॉप्स ८० एमजी ०.८ एमएलमध्ये, म्हणजे तुमच्या ड्रॉप्सइतकेच घट्ट, आणि मोठ्या मुलांचं सिरप पाच एमएलमध्ये १६०. आईबाप ड्रॉप्सच्या शिशीतून सिरपचं माप द्यायचे. मग २०११ पासून कंपन्यांनी बाळांचं औषधही १६० ला पाच एमएल करून टाकलं, सगळं एकाच ताकदीत. माझी मुलगी त्यानंतरची, त्यामुळे मला वाटायचं की पॅरासिटामॉल म्हणजे पाच एमएलला १६०, बास, जगभर.

तर दोन वर्षांपूर्वी पुण्याला आले, लेकीला ताप आला, भावाने मेडिकलमधून शिशी आणून दिली आणि मी माझ्या पर्समधली इथली सिरिंज काढली. सिरिंजवर साडेसात एमएलची खूण होती, इथल्या डॉक्टरांनी तेवढं सांगितलं होतं. औषध भरलं, तोंडाजवळ नेलं, आणि वहिनी म्हणाली अगं हे इतकं दाट का दिसतंय. तेव्हा मागची ओळ वाचली, २५०. साडेसात एमएलमध्ये ३७५ गेले असते, लागायचे २४०. सिरिंज एका देशातली आणि शिशी दुसऱ्या देशातली. तेव्हापासून आमच्या बॅगेत शिशी आणि सिरिंज रबरबँडने बांधूनच जातात.

चिंचवडची_आजी | ११:२०

मीरा बाळा, आमच्या वेळी ५०० ची गोळी असायची, तिचे चार तुकडे करून एक चुरून मधात द्यायचो. सिरपची भानगडच नाही. पाव गोळी म्हणजे १२५ झाले की नाही.

निवृत्त_केमिस्ट_काका | ११:२४

आजी, हिशेब बरोबर आहे तुमचा, पण गोळी हिशेबाप्रमाणे तुटत नाही. सुरीने चार केले तरी एक तुकडा मोठा, एक भुगा. आणि आता घरोघरी ५०० पेक्षा ६५० ची पाकिटं जास्त पडलेली असतात. त्यात काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या तोडल्या की सगळं औषध एकदम बाहेर पडतं. पाकिटातली गोळी पांढरी आणि लांबट दिसली म्हणजे ती ५००चीच असं नसतं.

मीरा_ना | ११:२६

मागचं वाचलं. मोठ्या शिशीवर प्रत्येक ५ एमएलमध्ये पॅरासिटामॉल आयपी २५० एमजी. छोटीवर प्रत्येक एमएलमध्ये १०० एमजी, पण मुदत फेब्रुवारीतच संपलीय. काका तुम्ही म्हणालात तसंच.

एक सांगायचं राहिलं आणि आता मला थरथरायला होतंय. मिस्टरांना आत्ता विचारलं, ते म्हणतात ताप चढला तेव्हा सात वाजता त्यांनीच त्या नव्या शिशीतून झाकणाच्या मापाने पूर्ण पाच एमएल दिलंय. मला सांगितलंच नव्हतं, मी भाजी आणायला गेले होते. म्हणजे २५० गेलेत ना? डॉक्टरांचा फोन वाजतोय पण उचलत नाहीत.

वॉर्डवाली_सिस्टर | ११:२९

घाबरू नका, ऐका. २५० म्हणजे त्याच्या वजनाला किलोमागे साधारण २७ एमजी. मापापेक्षा दुप्पट आहे, पण एका वेळेचं आहे. धोका खरा वाढतो तो असंच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलं तर. दुप्पट डोस दिवसातून चारदा झाला तर १००० एमजी, किलोला शंभराच्या वर, ते लिव्हरला झेपत नाही. म्हणून आत्ता पहिलं काम, पुढचा डोस थांबवणं, तापमान कितीही दाखवो.

आणि मी सांगतेय म्हणून निवांत झोपू नका. कारण मी त्याला बघितलेलं नाही आणि अजून काय पोटात गेलंय ते मला माहीत नाही. डॉक्टरांना परत लावा, नाही लागला तर जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लावा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्यांचा टोल फ्री १८०० ११६ ११७, चोवीस तास चालतो. फोनवर वजन, वेळ, शिशीवरची ओळ आणि किती एमएल, या चार गोष्टी सांगायच्या. बाळ सुस्त पडलं, उठवूनही उठत नाही, सारखं ओकतंय असं काही दिसलं तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ घेऊन जा.

काशीबाईंचा_नातू | ११:३१

पण बाळ तर खेळतंय म्हणतील ताई, मग काही झालं नसेल ना? लिव्हरला लागलं असतं तर कळलं असतं की.

वॉर्डवाली_सिस्टर | ११:३५

हाच तर पॅरासिटामॉलचा फसवेपणा दादा. जास्त गेलं तरी पहिला दिवस मूल बऱ्यापैकी ठीक दिसतं, फार तर मळमळ, दोन उलट्या. लिव्हरचं दुखणं वर येतं ते दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. याला उतारा आहे, एन-अॅसिटिलसिस्टीन, आणि तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर फार चांगला चालतो. म्हणजे मूल खेळतंय हे बघत बसलेला वेळ, तोच आपल्या हातातला वेळ असतो. आमच्या वॉर्डला एकदा तीन वर्षांची मुलगी आली होती, दोन दिवस आजी आणि आई दोघी वेगवेगळ्या वेळी औषध देत होत्या, एकीला दुसरीचं माहीत नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले म्हणून आणली. बरी झाली ती, पण नऊ दिवस राहिली.

मीरा_ना | ११:३८

फोन लागला!! बोलतेय.

सुहास_डोंबिवली | ११:४१

मीरा ताई, माफ करा, मी बिनधास्त म्हणालो. आत्ता कपाटातली आमची शिशी काढून बघितली, प्रत्येक ५ एमएलमध्ये १२०. सिस्टर बरोबर बोलल्या. सात वर्षं आम्ही एकाच दुकानातून तीच शिशी आणत होतो म्हणून सूत्र चाललं. त्याने एक दिवस वेगळी दिली असती तर मी तसंच निम्मे एमएल ओतलं असतं.

पाटलीणबाई_कराड | ११:४६

मीराचं काय होतंय ते कळेपर्यंत माझं एक सांगते, मुलाचं नाही आईचं आहे पण गोष्ट हीच.

आईला आमवात. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदा, दर रविवारी तीन गोळ्या. चिठ्ठीवर "३ गोळ्या, रविवारी". गोळी २.५ ची होती, म्हणजे साडेसात एमजी. चार महिने व्यवस्थित चाललं. मग एका महिन्यात गावातल्या दुकानात २.५ ची नव्हती, त्याने त्याच नावाचं दुसरं पाकीट दिलं, आई वाचायला शिकलेली नाही, वडिलांना गोळ्यांची संख्या पाठ. तीनच घेतल्या त्यांनी, कुठे चुकलं सांगा. ती गोळी साडेसातची होती. म्हणजे साडेबावीस पोटात. असे तीन रविवार गेले. मग तोंडात फोड आले, पाणी प्यायलं तरी रडायची, रक्तात पेशी घसरल्या, बारा दिवस अॅडमिट. डॉक्टरांनी गोळ्या मोजून विचारलं नाही, पाकीट मागितलं. पाकीट बघितल्यावर एका मिनिटात कळलं.

त्या दिवसापासून मी आईच्या डबीवर स्केच पेनाने दोन आकडे लिहिते, किती गोळ्या आणि मिळून किती एमजी. पाकीट बदललं की दुसऱ्या आकड्याशी जुळवायचं.

अभ्यंकर_ठाणे | ११:५२

पाटलीणबाई, वाचून अंगावर काटा आला. पण मग मला सांगा, चूक कुणाची? डॉक्टरांनी एमजी लिहायला हवं होतं. गोळ्यांची संख्या लिहिणं हेच मुळात चुकीचं आहे, औषध एमजीत असतं, गोळीत नाही. सिरपचंही तेच. चिठ्ठीवर "१२० एमजी" लिहा, मग शिशी कुठलीही मिळो.

निवृत्त_केमिस्ट_काका | रात्री १२:०१

अभ्यंकर, अर्धं पटतं. १२० एमजी लिहिलं आणि घरात २५० ची शिशी असली, तर २.४ एमएल काढायचे. रात्री दोन वाजता, रडतं मूल मांडीवर, झोप नाही, कोण करणार भागाकार? मी काउंटरवर इंजिनियर लोकांना ५ ला २५० ने भागून परत १२० ने गुणताना अडकलेले बघितलेत. घरच्या माणसाला एमएलच लागतो. मला तीन गोष्टी एकत्र हव्यात, शिशीची ताकद, एमएल आणि एमजी. काही डॉक्टर लिहितातही तसं, "सिर. पॅरा १२०/५, ५ एमएल, १२० एमजी". त्यात एक चुकलं तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि केमिस्ट फोन उचलतो.

वॉर्डवाली_सिस्टर | १२:०६

काका मला मात्र तीन आकडे नकोत. तीन आकडे म्हणजे तीन चुका. मी आईबापांना सोडताना त्यांच्याच सिरिंजवर मार्करने रेघ मारून देते आणि शिशीवरचा कागद त्यांना वाचायला लावते. "ही शिशी, ही रेघ." शिशी बदलली की रेघ रद्द.

अभ्यंकर_ठाणे | १२:०८

सिस्टर, रेघ पुसली गेली तर? मी अजूनही एमजीच्या बाजूने.

लीना_कुडाळ | १२:१०

चमच्याचा विषय निघाला होता सासूबाईंच्या बोलण्यात म्हणून आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. औषधाच्या सिरिंजने पाणी भरून मोजलं. चहाचा छोटा चमचा साडेतीन एमएलला भरला, पोहे खायचा चमचा जवळपास नऊ. आणि आईकडून आलेला जुना पितळी चमचा, सगळ्यांत छोटा दिसतो, तो खोलगट असल्याने सहा. एकाच ड्रॉवरमधले तीन चमचे आणि एकालाही पाच जमला नाही.

चिंचवडची_आजी | १२:१२

लीना, म्हणूनच आमच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचं टोपण दिलं होतं, मी ते मसाल्याच्या डब्यात वापरते 😄 उद्याच काढून ठेवते.

मीरा_ना | १२:१९

आले. सगळ्यांचे आभार, सांगते काय झालं ते.

डॉक्टरांनी आधी शिशीच्या मागच्या ओळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला. मग वजन विचारलं. मग विचारलं आज अजून कुठलं औषध दिलं? मी म्हटलं काही नाही. ते म्हणाले सर्दीचं, नाकात टाकायचं, पोटाचं, काहीही, घरात विचारा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या दुपारी नाक वाहत होतं म्हणून जुन्या सर्दीच्या थेंबांचे अर्धा एमएल पाजले. त्या शिशीचाही फोटो पाठवला. त्यात प्रत्येक एमएलला पॅरासिटामॉल १२५ एमजी निघालं! वर दोन आणखी औषधं. मला माहीतच नव्हतं सर्दीच्या औषधात तापाचं औषध असतं.

त्यांनी फोनवर हिशेब केला. २५० आणि त्यात साधारण ६२. मिळून ३१२, किलोला ३४. म्हणाले एका दिवसातलं हे, आत्ता या वजनाला हॉस्पिटलमध्ये धावायचं नाही, पण उद्या सकाळपर्यंत पॅरासिटामॉल एक थेंबही नाही, कुठल्याही नावाने नाही. पातळ कपडे, पाणी आणि अंगावरचं दूध चालू ठेवायचं, ताप १०३ च्या वर गेला किंवा बाळ मलूल वाटलं तर नाशिकचं एक हॉस्पिटल सांगितलंय तिथे जायचं. सकाळी नऊला परत फोन. चिठ्ठीवरचा ५ त्यांनी एमएलच म्हणून लिहिला होता, पातळ सिरपचा. पण तेव्हा वजन साडेआठच्या आसपास असेल आणि आता नवीन वजनाने पुन्हा लिहून देतो म्हणाले.

निवृत्त_केमिस्ट_काका | १२:२६

देव पावला. बघितलंस, त्यांनी माझ्यासारखं "बहुतेक पाच एमएल" म्हटलं नाही, आधी फोटो मागितला.

सर्दीच्या थेंबांबद्दल एक. त्या शिशीत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन पण असणार. या जोडीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं शिशीवर छापायचं, हे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तुमच्याकडची शिशी जुनी असेल तर त्यावर ते नसेलही. ती आजच्या आज फेकून दे, आणि मुदत संपलेल्या ड्रॉप्सही.

मीरा_ना | १२:३१

दोन्ही टाकल्या काका. सासूबाईंना खूप वाईट वाटतंय, देवासमोर बसल्यात. मी त्यांना म्हटलं त्यांची चूक नाही, मला तरी कुठे माहीत होतं.

काशीबाईंचा_नातू | १२:३४

ताई काळजी घ्या. सिस्टर, एक शंका. मूल औषध ओकून टाकतं तेव्हा परत द्यायचं का नाही? आमच्याकडे यावरून दर वेळी भांडण.

वॉर्डवाली_सिस्टर | १२:३९

त्यावर डॉक्टरांचीच मतं वेगवेगळी ऐकलीत मी दादा. गिळल्या गिळल्या लगेच सगळं बाहेर आलं आणि औषधाचा रंग दिसला तर काही जण परत द्या म्हणतात. अर्धा तास उलटून गेला तर नको म्हणतात. मधल्या वेळेचं काय, ते तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून फाइलवर लिहून ठेवा.

जर्सीची_अनघा | १२:४४

मीरा, फ्रिजवर एक कागद चिकटव. वेळ, कुठलं औषध, किती एमएल, कुणी दिलं. आमच्या घरी तिघे जण औषध देणारे, त्याशिवाय कळतच नाही.

मीरा_ना | सकाळी ९:४०

सुप्रभात. रात्री तीनला १०२.२ होता, पाणी पाजत बसलो दोघं. आत्ता ९९.६, पोहे मागतोय. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी पाठवली, टाइप केलेली: पॅरासिटामॉल सिरप १२०/५, पाच एमएल, १२० एमजी, सहा तासांच्या आत परत नाही, दिवसात चारच्या वर नाही. अभ्यंकर, काका, तुमचे दोन्ही आकडे त्यात आहेत.

मिस्टर आत्ता मेडिकलमध्ये गेलेत, २५० बदलून १२० ची आणायला. मी सांगितलंय शिशी तिथेच उलटी करून मागची ओळ वाचायची. अनघाचा कागद फ्रिजवर लावलाय, पहिली ओळ सासूबाईंनीच लिहिलीय: "काल दुपारी ३, सर्दीचे थेंब, अर्धा एमएल, आजी."

निवृत्त_केमिस्ट_काका | सकाळी ९:५८

मिस्टरांना म्हणावं एक पाच एमएलची तोंडातून द्यायची सिरिंजही मागून घ्या, सुई नसलेली. आणि घरी आल्यावर शिशी जोरात हलवायची, तळाशी औषध बसतं. न हलवता वरवरचं दिलं तर पहिल्या दिवशी कमी आणि शिशी संपताना जास्त जातं.

सुहास_डोंबिवली | सकाळी १०:११

काका हे हलवायचं मला आज कळलं. बायकोला विचारलं, ती म्हणाली ती नेहमी हलवते, मीच नाही.